मुख्याध्यापकांचं स्नेहसंमेलनातलं भाषण : घोषणा काढून बोलणं कसं आणायचं

डिसेंबर लागला की नव्याने मुख्याध्यापक झालेल्यांच्या टेबलावर एक जुनी फाईल येते. तिच्यात गेल्या वर्षीचं स्नेहसंमेलनाचं भाषण असतं. पाहुण्यांचं नाव आणि दहावीचा निकाल बदलला की झालं, असं सांगून क्लार्क निघून जातो. मी मराठी शिकवत होतो तेव्हा अशी भाषणं इतरांना लिहून देत असे, आणि निवृत्त झाल्यापासून ती दुरुस्त करून देतो. हे काम ज्यांच्या अंगावर पहिल्यांदाच आलं आहे त्यांच्यासाठी एकच भाषण समोर ठेवतो आणि ते कसं दुरुस्त झालं ते क्रमाने सांगतो.

शाळा बीड जिल्ह्यातली, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली, पाचवी ते दहावी. इथली बरीच कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. म्हणजे स्नेहसंमेलन नेमकं गाव अर्धं रिकामं असतानाच येतं. मुख्याध्यापक मॅडमना पदभार घेऊन सहा महिने झाले होते. त्यांनी पाठवलेल्या भाषणाची सुरुवात अशी होती :

"आजच्या या मंगलप्रसंगी व्यासपीठावर विराजमान असलेले सन्माननीय अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुणे, संस्थेचे सर्व पदाधिकारी, आदरणीय पालकवर्ग, माझे सहकारी बंधुभगिनी आणि उद्याच्या भारताचे आधारस्तंभ असलेल्या विद्यार्थी मित्रांनो, आपणा सर्वांचे या ज्ञानमंदिरात शब्दसुमनांनी स्वागत करताना मला मनस्वी आनंद होत आहे. विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी आमची शाळा सदैव कटिबद्ध आहे. चालू शैक्षणिक वर्षात शाळेमध्ये विविध नावीन्यपूर्ण उपक्रम राबविण्यात आले. वाचनसंस्कृती रुजावी या उदात्त हेतूने वाचन प्रेरणा दिन मोठ्या उत्साहात साजरा करण्यात आला. तसेच स्थलांतरित विद्यार्थ्यांना शिक्षणाच्या मुख्य प्रवाहात टिकवून ठेवण्याच्या दृष्टीने शिक्षकांमार्फत विशेष प्रयत्न करण्यात येत आहेत."

असं आणखी तीन पानं.

पहिलं काम : शेजारच्या शाळेची कसोटी

भाषण हातात घ्या, दार लावा आणि मोठ्याने वाचा. मनात वाचलं तर चालणार नाही, कारण डोळ्याला ही वाक्यं सवयीची असतात आणि तो त्यांच्यावरून घसरत जातो. प्रत्येक वाक्यानंतर थांबून एकच प्रश्न विचारा : हेच वाक्य शेजारच्या गावच्या मुख्याध्यापकांनी म्हटलं तर काही बिघडेल का? बिघडत नसेल तर त्याच्याखाली पेन्सिलने रेघ ओढा. लगेच खोडू नका.

वर दिलेल्या मजकुराला ही कसोटी लावली तर 'मनस्वी आनंद' जातो, 'सर्वांगीण विकास' जातो, 'नावीन्यपूर्ण उपक्रम' जातात. वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबरला राज्यातल्या सगळ्याच शाळांत होतो, त्यामुळे तोही जातो. शेवटचं वाक्य मात्र अडतं. त्याची भाषा इतरांसारखीच आहे, पण त्याच्या आत काहीतरी आहे, कारण स्थलांतर करणारी मुलं सगळ्याच शाळांत नसतात. अशा वाक्यापुढे फुली मारून ठेवा. चार पानांच्या भाषणात अशा दोन किंवा तीन फुल्या मिळतात. एकही मिळाली नाही, तर भाषण दुरुस्त करत बसू नका. ते बाजूला ठेवा आणि शाळेचं हजेरीपत्रक, ग्रंथालयाची देवघेव वही आणि शिपाईमामा यांच्याकडे जा. वर्षभरात शाळेत खरं काय घडलं ते या तिघांकडे सापडतं.

नव्या माणसाचा हात इथे थरथरतो, हे मला माहीत आहे. एवढं सगळं काढलं तर उरेल काय, ही भीती असते. मॅडमनाही ती होती. म्हणून पेन्सिलची रेघ म्हणतो. जुना कागद जपून ठेवा, नवं भाषण उभं राहिलं की तो पुन्हा बघा. एखादं वाक्य परत घ्यावंसं वाटलं तर घ्या. माझ्या अनुभवात असं वाटणारे फार थोडे निघाले.

दुसरं काम : फुलीच्या वाक्याला प्रश्न विचारणं

घोषणा काढल्यावर तिच्या जागी दुसरं, जरा साधं वाक्य बसवण्याचा मोह होतो. 'सदैव कटिबद्ध आहे' काढून 'मनापासून प्रयत्न करते' लिहिलं जातं. याने काही साधत नाही. वाक्य सोपं झालं, पण आतली जागा रिकामीच राहिली. घोषणा येते ती माहिती नसते म्हणून, किंवा असलेली माहिती सांगण्यासारखी वाटत नाही म्हणून. त्यामुळे आधी माहिती काढायची. आमचं फोनवर बोलणं झालं ते जवळजवळ जसंच्या तसं देतो.

"मॅडम, विशेष प्रयत्न म्हणजे नेमकं काय करता?"

"तसं काही फार नाही सर. फोन लावतो मुलांना."

"कोण लावतं?"

"मराठीचे सर, मी आणि आणखी चौघं. बुधवारी आणि शनिवारी, रात्री आठला."

"आठच का?"

"त्याच्या आधी माणसं फडातून कोपीवर, म्हणजे राहायच्या झोपडीवर, आलेली नसतात. आणि नवाच्या पुढं झोपतात, कारण गाडी भरायला कधीपण उठावं लागतं."

"फोनवर शिकवता?"

"नाही हो, शिकवायला कुठं जमतंय. पोरगं एक पान वाचतं, आम्ही ऐकतो. वाचायची सवय मोडू नये एवढंच. हमी कार्ड देतो आम्ही, तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून, पण फडापासून शाळा लांब असली की कोण सोडणार?"

पाच मिनिटांच्या या बोलण्यात भाषण आलं होतं. 'तसं काही फार नाही' असं म्हणून त्या जे सांगत होत्या तेच सांगायला हवं होतं, आणि कागदावर तेवढंच नव्हतं.

तुम्हाला प्रश्न विचारणारं कुणी नसेल तर स्वतःच विचारा. क्रम असा ठेवा : कोणी केलं, कधी केलं, त्याच वेळी का केलं, ते करताना काय अडलं, आणि कुणापर्यंत पोचलं नाही. शेवटचा प्रश्न टाळू नका. भाषणाला खरेपणा बहुतेक वेळा त्याच्याच उत्तराने येतो. मॅडमचं उत्तर होतं की ७२ मुलं गेली आहेत आणि त्यांतल्या ४१ जणांशीच बोलणं होतं. हा आकडा स्टेजवरून सांगायला त्या तयार नव्हत्या. "निम्म्याच्या जरा वर, कमीपणा वाटतो," म्हणाल्या. मी म्हटलं, उरलेली ३१ कशी मिळतील ते ज्यांना माहीत आहे तेच लोक त्या दिवशी समोर बसणार आहेत. मग त्या गप्प झाल्या, आणि भाषणाचा शेवट तिथेच ठरला.

तिसरं काम : समोर खरंच कोण बसलंय

जुन्या कागदावर 'आदरणीय पालकवर्ग' होतं. पण त्या गावात जानेवारीत पालक कुठे असतात? मैदानात सतरंजीवर आज्या बसतात, आजोबा बसतात, कडेवर लहान पोर घेतलेली चुलती उभी असते. काही मुलं हंगामी वसतिगृहात असतात, त्यांचं घरचं कुणीच नसतं. 'पालकवर्ग' म्हटलं की यांतल्या कुणालाच आपल्याशी बोलताहेत असं वाटत नाही.

म्हणून भाषण लिहिण्याआधी एका कागदावर समोरच्या पहिल्या पाच रांगांत कोण असेल ते लिहून काढा. शहरातल्या इंग्रजी शाळेत कदाचित मोबाईल वर धरून उभे असलेले वडील असतील, कोकणातल्या द्विशिक्षकी शाळेत मुंबईहून खास आलेला एखादा मामा असेल. वस्त्यांवरून आलेल्यांना परत जायची गाडी कधी आहे, तेही लिहा. संबोधन या यादीतून निघतं. 'बंधू-भगिनींनो'ची गरज उरत नाही.

मान्यवरांच्या नावांचा प्रश्न इथेच मिटवून टाका. सूत्रसंचालकाने पाहुण्यांची ओळख करून दिलेली असते, प्रास्ताविकात नावं आलेली असतात, सत्कारात पुन्हा येतात आणि आभारात चौथ्यांदा येतात. तुम्ही पाचव्यांदा घेतली नाहीत तर कुणाचा मान जात नाही. पण संस्थेच्या अध्यक्षांना हे स्टेजवर अचानक कळता कामा नये. एका शाळेत असं झालं होतं. भाषण चांगलं झालं, पण अध्यक्षांचं नाव आलं नाही म्हणून त्या मुख्याध्यापकांना पुढचे दोन महिने ऐकून घ्यावं लागलं. चूक माझी होती, कारण नावं काढायला मी सांगितलं आणि आधी बोलून ठेवायला सांगितलं नाही. तेव्हापासून मी सांगतो : कार्यक्रमपत्रिका आठ दिवस आधी अध्यक्षांना दाखवा. त्यांचं नाव कुठे, कोण, कसं घेणार आहे ते दाखवा, आणि तुम्ही थेट मुद्द्याला हात घालणार आहात हे त्यांच्याशी बोलून घ्या. एवढं केलं की बहुतेकांची हरकत नसते.

चौथं काम : आधी बोला, मग लिहा

आता कागद बाजूला ठेवा. मोबाईलवर ध्वनिमुद्रण सुरू करा आणि जे सांगायचं आहे ते घरातल्या कुणाला तरी सांगा. रिकाम्या खोलीत बोललात तर पुन्हा भाषणाचा सूर लागतो. समोर नवरा, बायको, बहीण, कुणीही माणूस हवं. मग ते मुद्रण ऐकून जसं बोललात तसं उतरवून घ्या, 'म्हणजे', 'बरं का' यांच्यासकट. फापटपसारा नंतर काढता येतो. बोलण्याची लय मात्र लिहून आणता येत नाही, ती बोलण्यातूनच घ्यावी लागते.

उतरवलेला मजकूर आणि जुनं भाषण शेजारी ठेवलं की फरक क्रियापदांत दिसतो. सरकारी मराठीत काम 'करण्यात येते', ते कुणी करत नाही. 'शिक्षकांमार्फत प्रयत्न करण्यात येत आहेत' यात माणूस दिसत नाही. 'आमचे सहा शिक्षक रात्री आठला फोन लावतात' म्हटलं की सहा माणसं दिसतात. म्हणून 'करण्यात आले', 'राबविण्यात आले', 'घेण्यात आली' जिथे जिथे दिसेल तिथे कर्ता शोधून वाक्याच्या सुरुवातीला आणून बसवा. कर्ता सापडला नाही तर ते काम बहुधा झालेलं नसतं.

दुसरी गोष्ट नामांची. बोलताना आपण 'वृक्षारोपण' करत नाही, झाडं लावतो. 'वाचन घेतलं जात' नाही, मूल वाचतं. 'च्या माध्यमातून', 'च्या दृष्टीने', 'च्या अनुषंगाने' हे सांधे काढले की त्यांच्या दोन्ही बाजूंची वाक्यं आपोआप सुटी होतात आणि लहान होतात.

तिसरी गोष्ट मराठीच्या घडणीतली आहे आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. आपल्या भाषेत विशेषणं नावाच्या आधी येतात आणि क्रियापद शेवटी. लिहिताना त्यामुळे असं वाक्य होतं : 'कारखान्यावर गेलेल्या आई-वडिलांबरोबर फडात राहून दर शनिवारी फोनवरून वाचन करणाऱ्या सातवीतील एका विद्यार्थिनीने मला सांगितले.' वाचणारा हे मागेपुढे बघून जुळवतो. ऐकणाऱ्याला 'विद्यार्थिनी' येईपर्यंत आधीचं सगळं डोक्यात धरून बसावं लागतं, आणि मैदानात, कर्ण्याच्या घुमणाऱ्या आवाजात, ते त्याच्या हातून निसटतं. म्हणून माणूस आधी आणा : 'सातवीतली एक मुलगी आहे. आई-वडिलांबरोबर फडावर गेलीय. दर शनिवारी ती मला फोनवर वाचून दाखवते.' एकाची तीन वाक्यं झाली, वेळ तेवढाच लागतो.

आणि कागदावर 'केलं', 'झालं', 'मुलांचं' असंच लिहा. समोर 'केले' लिहिलेलं असलं की दिव्यांच्या उजेडात, घाबरलेल्या आवाजात, तोंडातून 'केले'च बाहेर पडतं, आणि त्या एका मात्रेबरोबर सगळा जुना सूर परत येतो.

या कामाला एक मर्यादा आहे. बोलीभाषा मुद्दाम आणायची नाही. मॅडमच्या बोलण्यात 'सर फोन करायलेत' असं सहज येतं, तिकडची ती रीतच आहे. पण स्टेजवर त्या 'करतात' म्हणतात, पालकसभेतही तेच म्हणतात. म्हणून भाषणात 'करतात' ठेवलं. 'फड', 'पोरं' हे शब्द त्या सगळीकडे वापरतात, ते ठेवले. पालकसभेत तुम्ही जसं बोलता तेवढंच इथे आलं पाहिजे. गावाला आवडेल म्हणून गावरान बोलायला गेलात तर आज्यांना ते पहिल्या वाक्यातच कळतं.

पाचवं काम : अहवाल वेगळा काढणं

शिष्यवृत्तीत किती मुलं आली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटचा निकाल काय, कबड्डीचा संघ कुठवर गेला, नवे पत्रे कुणी दिले, हे सगळं सांगायचं असतंच. पण ते अहवालवाचनात, दुसऱ्या शिक्षकाने. छापील पानही वाटता येतं. हे दोन्ही एकत्र झालं की भाषण वीस मिनिटांवर जातं आणि त्यात काहीच ऐकू येत नाही. देणगीदारांचे आभार मात्र नेमके असू द्या : कुणी, काय, कशासाठी दिलं.

सहावं काम : ज्याची गोष्ट, त्याची परवानगी

गोष्ट सांगायची म्हटलं की हमखास एक चूक होते. एखाद्या मुलाचं दारिद्र्य किंवा घरातलं दुःख नाव घेऊन स्टेजवरून सांगितलं जातं. टाळ्या पडतात, बायका डोळे पुसतात, आणि ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेत तोंड लपवतं. मी हे होताना पाहिलं आहे, म्हणून याबाबतीत फार कडक आहे. गावात नाव न घेताही मूल ओळखू येतं. मॅडमनी त्या मुलीच्या आईला फोन करून काय सांगणार ते शब्दश: ऐकवलं. आई म्हणाली, "सांगा की, वाचतीच आहे ती." मुलीलाही विचारलं. त्यानंतरच ती गोष्ट भाषणात घेतली, तीही नावाशिवाय. आणि गोष्टीत मुलीचं वाचणं पुढे ठेवलं, तिचे हाल नाही.

उभं राहिलेलं भाषण

एवढं सगळं केल्यावर आलेलं भाषण हे असं :

"नमस्कार. मागे उभे असलेल्यांनी पुढे या, सतरंजीवर जागा आहे.

समोर बघते तर आज आज्या आणि आजोबाच जास्त दिसतायत. आई-वडील कमी आहेत. ते कुठे आहेत ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दिवाळी झाली, गाड्या भरल्या आणि गल्लीगल्लीत कुलपं लागली. आपल्या शाळेच्या पटावर ३१२ पोरं आहेत. त्यातली २४० इथे आहेत. ७२ पोरं आई-वडिलांबरोबर फडावर गेलीत. आज मी त्या ७२ पोरांबद्दल बोलणार आहे.

दरवर्षी काय व्हायचं? पाडव्याला पोरं परत यायची. वर्गात बसायची. पण तोवर वाचायची सवय मोडलेली असायची. दिवाळीआधी धडाधड वाचणारं पोरगं अडखळायला लागायचं. बाकीची हसायची. मग ते शाळेला यायचंच बंद व्हायचं.

यंदा आमच्या मराठीच्या सरांनी एक वही केली. जाणाऱ्या प्रत्येक पोराचं नाव, वडिलांचा फोन, मुकादमाचा फोन, कुठल्या कारखान्यावर जाणार ते. बुधवारी आणि शनिवारी रात्री आठला आम्ही सहा जण फोन लावतो. शिकवत नाही. पोरगं एक पान वाचतं, आम्ही ऐकतो.

सातवीतली एक मुलगी आहे. मागच्या शनिवारी ती मला वाचून दाखवत होती. मागनं बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. अर्ध्या पानावर ती थांबली. म्हटलं, काय झालं गं? म्हणाली, 'मॅडम, गाडी भरायचीय, आईला बॅटरी द्यायला लागंल.' त्या बॅटरीच्या उजेडातच ती वाचत होती. फोन ठेवला. बुधवारी पुन्हा लावला, तर मी काही म्हणायच्या आत तिनं राहिलेलं अर्धं पान वाचायला सुरुवात केली.

आता जे जमलं नाही ते सांगते. ७२ पोरांपैकी ४१ जणांशीच आमचं बोलणं होतं. ३१ जणांचे फोन लागत नाहीत. कुठे रेंज नाही, कुठे नंबर बदललाय. ती पोरं वाचतायत की नाही, आम्हाला माहीत नाही.

म्हणून आज्यांनो, आजोबांनो, तुमच्याकडे एक काम आहे. तुमचा मुलगा, तुमची सून तुम्हाला फोन करतात. कुठल्या नंबरवरून करतात, तो आम्हाला पाहिजे. स्टेजच्या डाव्या हाताला टेबल आहे, तिथे सर वही घेऊन बसलेत. कार्यक्रम झाला की पाच मिनिटं थांबा. नंबर पाठ नसेल तर नुसता फोन सरांच्या हातात द्या, ते बघून घेतील.

आजच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण चाललंय. उद्या ते फडावर पाठवणार आहोत. तेव्हा तिकडं बसून हे बघणाऱ्या माझ्या पोरांनो, तुमचे बाक रिकामे आहेत. तिथे कुणाला बसवलेलं नाही.

पाचवीची मुलं घुंगरं बांधून कधीची उभी आहेत. त्यांना येऊ दे आता."

यात घोषणा एकही नाही. शाळा कटिबद्ध आहे असं कुठे म्हटलेलं नाही, तरी ती काय करते ते समजतं. भाषणात एक मागणीही आहे, आणि ती पूर्ण करायची जागा आणि वेळ सांगितली आहे. प्रत्येक भाषणात अशी मागणी असेलच असं नाही. पण असेल तर 'पालकांनी सहकार्य करावे' असं मोघम म्हणू नका. आजोबांना वाचता येत नसेल, नंबर काढता येत नसेल, हे धरून चाला. 'नुसता फोन सरांच्या हातात द्या' हे वाक्य मॅडमनी शेवटच्या दिवशी घातलं, आणि मला ते सगळ्यांत आवडलं.

सातवं काम : वेळ, कागद आणि सराव

मराठीत माईकवर सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द होतात. घड्याळ लावून स्वतःचा वेग मोजा. मैदानात तो खोलीतल्यापेक्षा आणखी कमी ठेवावा लागतो, कारण दोन कर्णे लांब लांब लावलेले असले तर आवाज दोनदा ऐकू येतो आणि वाक्यामागे थोडं थांबलं नाही तर शब्द एकमेकांवर चढतात. वरचं भाषण चार मिनिटांचं आहे. पाचाच्या पुढे जाऊ नका. पडद्यामागे रंग लावलेली, जरीची कापडं नेसलेली मुलं थंडीत उभी असतात, आणि रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. तुमची वाढलेली दहा मिनिटं शेवटच्या नाचातून कापली जातात, आणि तो नाच बहुधा दहावीच्या मुलांचा असतो.

कागदाच्या एकाच बाजूला, मोठ्या अक्षरात, दोन ओळींत भरपूर जागा सोडून लिहा. एक वाक्य दोन पानांवर तुटू देऊ नका. पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं पाठ करा, मधलं कागदात बघून बोललं तरी चालतं. आकडे मात्र पाठ असले तरी बघूनच सांगा.

सराव तीन वेळा पुरतो. पहिला एकट्याने, जीभ कुठे अडते ते बघायला. जिथे अडते ते वाक्य पुन्हा लिहायचं, घोकत बसायचं नाही. दुसरा शिपाईमामा किंवा स्वयंपाकाच्या मावशी यांच्यासमोर. त्यांना 'कसं वाटलं' विचारू नका, ते चांगलंच म्हणतील. 'मी काय सांगितलं' ते विचारा. आमच्या मावशींनी सांगितलं होतं : "फोन नंबर मागितला, आन् पोरगी बॅटरीत वाचती." एवढं त्यांच्या लक्षात राहिलं, म्हणजे भाषण ठीक आहे. त्या 'शाळा चांगली आहे म्हणालात' असं म्हणाल्या असत्या, तर कागद पुन्हा उघडावा लागला असता. तिसरा सराव प्रत्यक्ष मैदानात, माईक सुरू करून, आदल्या संध्याकाळी.

ऐन वेळी एक गोष्ट हमखास होते. भीती वाटली की माणूस जुन्या घोषणेकडे धावतो. 'नमस्कार' म्हटल्यावर समोरची शांतता जड वाटते आणि तोंडातून 'आजच्या या मंगलप्रसंगी' निघून जातं. म्हणूनच मॅडमच्या भाषणाची सुरुवात सतरंजीवर बोलावण्याने केली. ते ऐकून लोक खरंच हलतात, पुढे येतात, कुणी जागा करून देतं, आणि तेवढ्या गलक्यात बोलणाऱ्याला श्वास घ्यायला अर्धा मिनिट मिळतो. तुमच्या शाळेत सतरंजीऐवजी खुर्च्या असतील तर दुसरं काही शोधा : मागे ऐकू येतंय का ते विचारा, उन्हात बसलेल्यांना सावलीकडे सरकायला सांगा. पण विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबा आणि त्या माणसांकडे बघा.

शेवटचं वाक्य पुढच्या कार्यक्रमाच्या हाती सूत्रं देणारं ठेवा. 'जय हिंद, जय महाराष्ट्र, एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते' याची गरज राहत नाही. पाचवीच्या मुलांना येऊ दे म्हटलं की पडदा सरकतो आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. तुम्ही कागदाची घडी घालून खुर्चीकडे जा. आणि कार्यक्रम संपल्यावर डाव्या हाताच्या टेबलाशी स्वतः उभं राहायला विसरू नका. सर वहीत नंबर लिहून घेतील, पण आजी तिथवर येते ती तुम्ही बोलावलं म्हणून.